शब्द बदलले, वाक्य तेच राहिले

पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याचे दिवस आले की विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. 'सिमिलॅरिटी' किती आली? दहाच्या खाली आहे का? तपासणीच्या अहवालात प्रबंधाची कितीतरी पाने लाल-पिवळ्या रंगांत रंगून येतात आणि मार्गदर्शक सांगतात, 'एवढा भाग स्वतःच्या शब्दांत लिहून आणा.' मग विद्यार्थी काय करतो? मूळ उतारा समोर ठेवतो, शब्दकोश उघडतो आणि एकेका शब्दाच्या जागी दुसरा शब्द बसवू लागतो. 'वाढ'च्या जागी 'वृद्धी', 'पाणी'च्या जागी 'जल', 'लहान'च्या जागी 'छोटा'. पुढच्या तपासणीत आकडा खाली येतो, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि काम झाले असे मानले जाते.

प्रत्यक्षात काम झालेले नसते, पुष्कळदा ते बिघडलेले असते. हे नुसते सांगून पटत नाही, म्हणून एक उतारा घेऊ. तो मी या लेखासाठीच रचला आहे, पण विषय आणि त्यातली माहिती खरी आहे. एखाद्या पुस्तकात आपल्याला पुढील चार वाक्ये सापडली असे समजा.

'शिवसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि त्यानंतर परिसरात लहान भूकंपांची नोंद वाढत गेली. ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेल्या ६.३ महत्तेच्या भूकंपाने सुमारे १८० जणांचा बळी घेतला. जलाशयातील पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत वाढलेला छिद्रदाब यांमुळे मुळातच ताणाखाली असलेला भ्रंश सरकला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजेच पाण्याने भूकंप निर्माण केला नाही; होऊ घातलेल्या भूकंपाला चालना दिली.'

आता शब्दकोशाच्या मदतीने केलेले रूपांतर पाहा.

'शिवसागर तलावात १९६२ पासून जल संचित होऊ लागले आणि त्यानंतर भवतालात छोट्या धरणीकंपांची दखल वृद्धिंगत होत गेली. ११ डिसेंबर १९६७ रोजी घडलेल्या ६.३ तीव्रतेच्या धरणीकंपाने अंदाजे १८० लोकांचे प्राण घेतले. तलावातील जलाचे ओझे आणि पाषाणांच्या फटींत वाढलेला रंध्रभार यांमुळे आधीच दडपणाखाली असलेला दोष हलला, असे पुष्कळ संशोधक समजतात. म्हणजेच जलाने धरणीकंप उत्पन्न केला नाही; येऊ पाहणाऱ्या धरणीकंपाला प्रेरणा दिली.'

हे वाचून हसू येईल, पण असे परिच्छेद प्रबंधांत सापडतात आणि तिथे ते इतके विनोदी दिसत नाहीत, कारण आजूबाजूची भाषाही तितकीच जड असते. मराठी प्रबंधलेखनात संस्कृतप्रचुर शब्द वापरला की लेखन विद्वत्तापूर्ण होते असा एक जुना समज आहे. पर्यायी शब्दांची चाल त्या समजात बेमालूम लपून जाते.

अर्थाचे काय झाले ते आधी पाहू. मूळ उताऱ्यात 'महत्ता' होती, तिच्या जागी 'तीव्रता' आली. वर्तमानपत्रांत हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने छापले जातात, पण भूकंपशास्त्रात ती दोन वेगळी मापे आहेत. महत्ता हे भूकंपाच्या उगमाशी सुटलेल्या ऊर्जेशी निगडित असे एकच माप आहे, भूकंप कुठेही जाणवला तरी ते बदलत नाही. तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी जमीन किती हादरली आणि घरादारांचे किती नुकसान झाले याची प्रतवारी. ती कोयनानगरला एक आणि पुण्याला दुसरी असणार. '६.३ तीव्रतेचा भूकंप' या शब्दप्रयोगाला शास्त्रीय लेखनात अर्थच उरत नाही.

'छिद्रदाब' हा शब्द तर आणखी नाजूक. खडकातल्या बारीक छिद्रांत आणि भेगांत पाणी शिरले की ते आतून दाब देते, आणि भ्रंशाच्या दोन बाजूंना एकमेकींवर घट्ट दाबून धरणारा परिणाम कमी होतो. घर्षण घटते, आणि घर्षणाने अडकलेला भ्रंश सरकायला मोकळा होतो. मूळ लेखकाने दोन वेगळी कारणे दिली होती. एक, वरून येणारा पाण्याचा भार. दुसरे, आत मुरलेल्या पाण्याचा दाब. 'दाब'च्या जागी 'भार' टाकताच 'ओझे' आणि 'रंध्रभार' ही एकाच गोष्टीची दोन नावे वाटू लागतात आणि दोन कारणांचे एकच होते. भ्रंशाचा 'दोष' होणे ही त्याहून ढोबळ चूक, ती कोणाच्याही लक्षात येईल. भ्रंश म्हणजे भूकवचातली भेग, जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या तुलनेत सरकलेले असतात. तिथे कोणाचा दोष नसतो.

मला सर्वांत गंभीर वाटतो तो शेवटच्या वाक्यातला बदल. 'चालना'ऐवजी 'प्रेरणा'. रोजच्या भाषेत हे शब्द जवळचे आहेत. पण जलाशयांमुळे होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात 'प्रेरित' आणि 'चालना मिळालेला' हा भेद हाच वादाचा गाभा आहे. आर्थर मॅकगार आणि डेव्हिड सिम्पसन या भूकंपशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये तो स्पष्ट मांडला. खडकांवरच्या ताणातला मोठा वाटा माणसाच्या कृतीमुळे आलेला असेल तर भूकंप प्रेरित. ताण निसर्गानेच साठवलेला असेल आणि माणसाच्या कृतीने त्यात थोडीच भर घातली असेल तर फक्त चालना. कोयनेचा दीर्घकाळ अभ्यास करणारे हर्ष गुप्ता यांनीही कोयनेसाठी चालनेचाच शब्द धरला. म्हणजे मूळ लेखक ज्या गोष्टीचा निषेध करत होता, नेमके तेच रूपांतरकाराने त्याच्या तोंडी घातले. आणि शेवटी कंसात त्याच लेखकाचा संदर्भ दिला असेल, तर त्याने न म्हटलेले विधान त्याच्या नावावर जमा झाले. उचलेगिरीचा आरोप होईल की नाही हा पुढचा प्रश्न. हे आधी चुकीचे साक्षीलेखन आहे.

लहान शब्दांकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. मुळात 'सरकला असावा' होते, ते 'हलला' झाले. 'बहुतेक अभ्यासक' होते, ते 'पुष्कळ संशोधक' झाले. 'असावा'मध्ये लेखकाने आपल्या खात्रीचे प्रमाण सांगितले होते. 'बहुतेक' म्हणजे निम्म्याहून खूप अधिक, 'पुष्कळ' म्हणजे नुसतेच बरेच, उरलेले कदाचित त्याहूनही जास्त असतील. 'लहान भूकंपांची नोंद वाढली' या वाक्यात तर एक मेख होती. भूकंप वाढले, की ते टिपणारी उपकरणे बसल्यामुळे नोंदी वाढल्या? 'नोंद' शब्द ही शंका शिल्लक ठेवतो. 'दखल' शब्द तिला भलतीकडेच नेतो.

समजा, एखाद्या हुशार विद्यार्थ्याने यातली एकही चूक केली नाही. महत्ता महत्ताच ठेवली, भ्रंश भ्रंशच ठेवला, आणि ज्या शब्दांना खरोखर बिनधोक पर्याय आहेत तेवढेच बदलले. मग चालेल का?

तरीही चालणार नाही. दोन्ही उतारे शेजारी ठेवून शब्दांवरून नजर काढा आणि फक्त सांगाडा पाहा. चार वाक्यांना चार वाक्ये. पहिल्यात 'आणि त्यानंतर' जिथे होते तिथेच आहे. तिसऱ्यात दोन कारणे त्याच क्रमाने, मग 'यांमुळे', मग परिणाम, मग 'असे मानतात'. चौथे वाक्य 'म्हणजेच'ने सुरू होते, मध्ये अर्धविराम त्याच जागी. काय आधी सांगायचे, कशाला पुरावा करायचे, निष्कर्ष कुठे ठेवायचा, कशावर जोर द्यायचा हे सगळे निर्णय मूळ लेखकाचे आहेत. लेखनातली मेहनत तिथेच असते. शब्द हा त्यातला सर्वांत स्वस्त भाग, कारण ते सगळ्यांच्याच मालकीचे असतात. 'भूकंप' या शब्दावर कोणाचा हक्क नाही. पण हा विशिष्ट युक्तिवाद या क्रमाने रचणे हे एका माणसाचे काम आहे.

'स्वतःच्या शब्दांत लिहा' ही शाळेपासूनची सूचना इथे दिशाभूल करते. तिने आपले लक्ष शब्दांवर खिळवले. स्वतःची असायला हवी ती मांडणी, आणि मांडणी स्वतःची होण्यासाठी आपल्याकडे स्वतःचा प्रश्न असावा लागतो.

अमेरिकेत विद्यापीठीय लेखन शिकवणाऱ्या रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९०च्या दशकात या प्रकाराला 'पॅचरायटिंग' असे नाव दिले. मूळ मजकुरातले काही शब्द गाळायचे, काहींना पर्याय द्यायचे, व्याकरण थोडे हलवायचे. आपण त्याला ठिगळलेखन म्हणू. हॉवर्ड यांचे म्हणणे असे की यामागे दर वेळी लबाडी नसते. नवख्या विषयाची भाषा अजून अंगवळणी पडलेली नसते, तेव्हा माणूस मूळ वाक्याचा हात सोडायला घाबरतो. त्यांनी ट्रिशिया सर्विस आणि तान्या रॉड्रिग यांच्यासह २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत विद्यार्थ्यांचे १८ निबंध बारकाईने तपासले. त्यांतल्या एकाही निबंधात स्रोताच्या संपूर्ण म्हणण्याचा सारांश नव्हता. विद्यार्थी लेख वाचून लिहीत नव्हते, त्यातले एखादे सोयीचे वाक्य उचलून त्या वाक्यावर काम करत होते. मला हे निरीक्षण फार नेमके वाटते. एकच वाक्य समोर असेल तर शब्द बदलण्यापलीकडे करण्यासारखे काही उरतच नाही.

मग खरे पुनर्कथन कसे दिसते? तोच कोयनेचा उतारा दोन वेगळ्या प्रबंधांत वापरायचा आहे असे धरू. पहिला प्रबंध भूशास्त्राचा आहे आणि त्याचा प्रश्न आहे, भूकंपात धरणाचा वाटा किती? तिथे असे लिहिता येईल:

'मूळ लेखकाच्या मते कोयनेचे धरण हे भूकंपाचे मूळ कारण नाही. भ्रंशावरचा ताण धरणाच्या आधीचा होता. जलाशयाचा भार आणि छिद्रदाब यांच्यामुळे तो सुटायला निमित्त मिळाले असावे, या मताकडे बहुतेक अभ्यासकांचा कल असल्याचे ते नोंदवतात. पाणी साठू लागल्यापासून सुमारे पाच वर्षांनी ६.३ महत्तेचा धक्का बसला, हा क्रम या मताशी सुसंगत आहे. मात्र केवळ क्रमावरून ते सिद्ध होत नाही.'

निष्कर्ष आधी आला, घटनाक्रम शेवटी गेला, मृतांचा आकडा गळाला, कारण या प्रश्नाला त्याची गरज नाही. 'भ्रंश', 'छिद्रदाब', 'महत्ता' जागच्या जागी आहेत. 'असावे' आणि 'बहुतेक' शाबूत आहेत. आणि शेवटचे वाक्य मूळ लेखकाचे नाही, ते प्रबंधकाराचे मूल्यमापन आहे. म्हणून मूळ लेखकाचा पानासह संदर्भ त्या वाक्याच्या आधी संपला पाहिजे. परिच्छेदाच्या टोकाला एकच कंस लटकवला तर कोणाचे काय हे वाचकाला कळत नाही.

दुसरा प्रबंध आपत्ती-प्रशासनाचा आहे. त्याला भ्रंशाचे यंत्रशास्त्र नको, त्याला पूर्वसूचनेचा प्रश्न आहे:

'१९६७च्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली. मूळ लेखक सांगतात त्याप्रमाणे, जलाशय भरू लागल्यानंतरच्या काळात परिसरातील लहान धक्क्यांच्या नोंदी वाढत होत्या. या नोंदींचा अर्थ त्या वेळी प्रशासनाने काय लावला, हा प्रश्न लेखकाने हाताळलेला नाही. या प्रकरणात तो तपासायचा आहे.'

उतारा तोच, पण दोन्ही पुनर्कथने एकमेकांसारखी दिसत नाहीत, आणि मूळ उताऱ्यासारखीही नाहीत. शब्दकोशातून काढलेले रूपांतर मात्र दोन्ही प्रबंधांत जसेच्या तसे चिकटवता आले असते. चार वाक्यांचे चार वाक्यांत रूपांतर करणाऱ्याने ती चार वाक्ये कशासाठी हवीत हे स्वतःला विचारलेलेच नसते.

हे साधण्याची रीत फार गुंतागुंतीची नाही, फक्त वेळखाऊ आहे. पुस्तकाचे नाव आणि पान आधी टिपून घ्यायचे, कारण नंतर ते हटकून विसरते. उतारा समजेपर्यंत वाचायचा, आजूबाजूची दोन पानेही वाचायची, मग पुस्तक मिटायचे. आपल्या प्रश्नाला या उताऱ्यातून काय मिळाले ते कोणाला तरी तोंडी सांगावे तसे लिहायचे. त्यानंतर पुस्तक उघडून ताडून पाहायचे, आणि हा भाग गाळायचा नाही. आठवणीतून लिहिताना आकडे सरकतात, 'असावे'चे 'आहे' होते, आणि कधी मूळ लेखकाचे एखादे ठसठशीत वाक्य आपल्याही नकळत जसेच्या तसे उतरते. पुस्तक मिटल्यावर काहीच लिहिता येत नसेल, तर उतारा कळलेला नाही. त्यावर पर्यायी शब्दांचा इलाज नाही, पुन्हा वाचायला हवे.

आता तो आकडा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले. त्यांत साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यायचा. ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर बंदी आणि ६०च्या पुढे थेट नोंदणी रद्द. आकडा मोजता येतो, म्हणून सगळे त्याच्याच मागे लागले. पण त्याच विनियमांत वाङ्मयचौर्याची व्याख्या दुसऱ्याचे काम किंवा कल्पना आपली म्हणून पुढे करणे अशी आहे. कल्पना हा शब्द तिथे आहे, आणि कल्पना टक्क्यांत मोजता येत नाही.

तपासणीचे सॉफ्टवेअर ढोबळमानाने लागोपाठच्या शब्दांच्या साखळ्या घेऊन त्या आपल्या साठ्यातल्या मजकुराशी जुळवून पाहते. दर तिसरा-चौथा शब्द बदलला की साखळ्या तुटतात आणि आकडा घसरतो. वरचे धरणीकंपाचे रूपांतर या चाचणीत बहुधा सुखरूप पार पडेल. उलट भूशास्त्राच्या प्रबंधातले चांगले पुनर्कथन, त्यातल्या पारिभाषिक शब्दांमुळे, इथेतिथे रंगून येऊ शकते. यंत्राने जे पकडले नाही ते चालले, हा निष्कर्ष यंत्र काढत नाही, तो आपण काढतो.

तज्ज्ञ वाचक मात्र लवकर पकडतो. साध्या, अडखळत्या मराठीत चाललेले लेखन अचानक 'वृद्धिंगत' आणि 'पाषाण' बोलू लागले, एकाच संज्ञेला तीन पानांत तीन नावे मिळाली, की शंका येते. मौखिक परीक्षेत मग 'छिद्रदाब म्हणजे काय, तो वाढल्याने भ्रंश का सरकतो?' एवढे विचारले तरी पुरते.

इंग्रजीत हाच उद्योग यंत्राने होऊ लागल्यावर काय घडले ते उघड्यावर आले आहे. गिलॉम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मॅगझिनॉव्ह या तिघांनी २०२१ मध्ये छापील शोधनिबंधांतून विचित्र शब्दप्रयोग वेचून काढले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चे झाले होते 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे बनावट शुद्ध. 'ब्रेस्ट कॅन्सर'चे 'बुझम पेरिल', म्हणजे वक्षावरचे संकट. या छळलेल्या संज्ञांना त्यांनी तसेच नाव दिले, आणि आता तोच माग धरून संशयास्पद निबंध शोधले जातात. साखळ्या तोडण्यासाठी केलेले बदलच खूण ठरले.

मराठीत याचे एक जास्त शहाणे भावंड आहे, ते म्हणजे इंग्रजी पुस्तकाचे वाक्यागणिक भाषांतर. तिथे प्रत्येक शब्द बदललेला असतो, अगदी लिपीसुद्धा, त्यामुळे साम्याचा आकडा शून्याजवळ येतो. सांगाडा मात्र तोच, कारणे त्याच क्रमाने, उदाहरणेही तीच, कधी कधी थेट परदेशातल्या शाळांची. 'असे आढळून आले आहे की, ज्यामध्ये' अशी लांबलचक वाक्ये दिसली की त्यांखाली कोणते इंग्रजी वाक्य आहे ते जाणकार सांगू शकतो. संदर्भ दिला तर ते भाषांतर म्हणून नोंदवता येते, पण पुनर्कथन म्हणून नाही.

काही मजकूर मात्र बदलायचाच नसतो. व्याख्या, कायद्याचे कलम, एखाद्याने मुद्दाम योजलेला शब्द, ज्याच्या नेमक्या वाक्यावर आपल्याला टीका करायची आहे ते वाक्य, हे सगळे अवतरणचिन्हांत जसेच्या तसे द्यावे. आयोगाचे विनियमही योग्य श्रेय दिलेली अवतरणे, कायदे, प्रमाण चिन्हे आणि समीकरणे साम्याच्या मोजणीतून वगळतात, तसेच सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही. म्हणजे 'रिश्टर मापनावर ६.३ महत्तेचा भूकंप' हे शब्द आधी कोणीतरी याच क्रमाने लिहिले होते म्हणून ते मोडण्याचे काहीच कारण नव्हते. कोयनेच्या उताऱ्यातले शेवटचे वाक्यही, चालनेचा तो नेमका शब्द महत्त्वाचा असल्यामुळे, मी भूशास्त्राच्या प्रबंधात अवतरणातच दिले असते आणि पुढे पान क्रमांक लिहिला असता.